बीओएमवरून कच्च्या मालाची गरज काढताना या चुका टाळा

उत्पादनाचा आराखडा हाती आला की बहुतेक नवे नियोजक एकच गुणाकार करतात: नगांची संख्या गुणिले बीओएममधील, म्हणजे एका नगाला कोणता माल किती लागतो त्या यादीतील, वजन. आलेल्या आकड्यातून गोदामातला साठा वजा करून ते खरेदी विभागाला मागणी पाठवतात. या पद्धतीत दोन ठिकाणी मोठी चूक होते आणि कोणत्याही कारखान्यात गेलो तरी मला त्याच दोन चुका भेटतात. पत्र्याचे काम करणाऱ्या कारखान्यात त्या सर्वांत स्पष्ट दिसतात, म्हणून विजेच्या पॅनेलसाठी लागणाऱ्या पत्र्याच्या पेटीचे आणि तिच्या दाराचेच उदाहरण येथे घेतो.

पहिली चूक बीओएममध्ये तयार भागाचे वजन लिहिण्याची. दार १.६ मिमी जाडीच्या सीआरसीए, म्हणजे थंड अवस्थेत लाटलेल्या पोलादी, पत्र्याचे आहे. दार दुमडण्यापूर्वीचा सपाट तुकडा ६०० × ८०० मिमी असून मीटर दिसावा म्हणून त्यात २०० × २५० मिमीची खिडकी पंच केली जाते. पोलादाची घनता ७.८५ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर धरली, तर या जाडीच्या पत्र्याचे वजन प्रति चौरस मीटर १२.५६ किलो येते. त्यानुसार सपाट तुकडा सुमारे ६.०३ किलोचा आणि खिडकी काढल्यावर तयार दार ५.४ किलोचे भरते. डिझाइन विभागाच्या सॉफ्टवेअरमधून निघणाऱ्या बीओएममध्ये हाच ५.४ चा आकडा असतो, कारण ते सॉफ्टवेअर भागाचे आकारमान मोजते. तो भाग कोणत्या शीटमधून कापला जाणार आहे, हे त्याला सांगितलेलेच नसते.

प्रत्यक्षात स्टोअरमधून ५.४ किलो पत्रा इशू होत नाही, २५०० × १२५० मिमीची अख्खी शीट इशू होते आणि तिचे वजन ३९.२५ किलो असते. लांबीत ८०० चे तीन आणि रुंदीत ६०० चे दोन तुकडे बसतात, म्हणजे एका शीटमधून सहा दारे निघतात. तुकडा आडवा फिरवून लावला तर चारच निघतात. म्हणून एका दाराला लागणारा पत्रा ३९.२५ भागिले ६, म्हणजे ६.५४ किलो होय. बीओएममध्ये लिहायचा आकडा हा आहे, आणि तो ड्रॉइंगवरून नव्हे, तर कटिंग लेआउटवरून येतो.

भोसरीतल्या एका कारखान्यात या एका आकड्यामुळे काय घडले, ते तपशिलाने सांगतो. तेथे ६०० दारांची गरज होती. नियोजकाने ५.४ ने गुणून ३,२४० किलोची मागणी काढली आणि खरेदी विभागाने ८३ शीट आणल्या. त्यांतून ४९८ दारे निघाली आणि रॅक रिकामा झाला. उरलेल्या १०२ दारांसाठी १७ शीट स्थानिक व्यापाऱ्याकडून चढ्या दराने घ्याव्या लागल्या आणि माल उशिरा रवाना झाला. एवढ्यावर निभावले असते तर ती एका महिन्याची अडचण ठरली असती. पण त्या कारखान्यात उत्पादनाची नोंद झाली की ईआरपी, म्हणजे साठा-खरेदी-उत्पादनाच्या नोंदी ठेवणारी संगणक प्रणाली, बीओएमप्रमाणे साठा आपोआप वजा करत असे. आवक ३,२५८ किलोची होती आणि ४९८ दारांच्या नावे प्रणालीने फक्त २,६८९ किलो वजा केले होते. त्यामुळे रॅकवर एकही शीट नसताना पडद्यावर ५६९ किलो पत्रा शिल्लक दिसत होता. महिनाअखेरीच्या मोजणीत ही तूट उघड झाली आणि संशय स्टोअरकीपरवर आला. त्याच्याकडून लेखी खुलासा मागवण्यात आला.

मी तेथे साठ्याची तपासणी करण्यासाठी गेलो होतो. अशा वेळी मी सर्वप्रथम भंगाराच्या वजनपावत्या मागवतो. ४९८ खिडक्यांचे तुकडे प्रत्येकी ०.६२८ किलोप्रमाणे ३१३ किलो आणि ८३ शीटच्या कडेच्या पट्ट्या प्रत्येकी ३.०८ किलोप्रमाणे २५६ किलो, असा एकूण ५६९ किलो हिशेब कागदावर निघाला आणि भंगारवाल्याच्या पावत्या त्याच्याशी जुळल्या. पत्रा कोणी नेला नव्हता. बीओएममध्ये त्याची जागाच नव्हती. त्या माणसाला खुलासा लिहावा लागला, याचे मला आजही वाईट वाटते, कारण दोष ओळखण्याची खूण साधी आहे. प्रत्यक्ष खप आणि नोंदीतला खप यांचे गुणोत्तर दर महिन्याला जवळपास तेच येत असेल, येथे ते १.२१ होते, तर दोष बीओएमचा असतो. चोरी किंवा निष्काळजीपणा उत्पादनाच्या प्रमाणात इतक्या शिस्तीने वाढत नाही.

माझी सवय अशी आहे की पत्र्याच्या प्रत्येक भागासमोर मी तीन आकडे लिहून घेतो: तयार वजन, सपाट तुकड्याचे वजन आणि शीटमधील वाट्याचे वजन. मागणी फक्त तिसऱ्यावरून काढतो. पहिला डिस्पॅचच्या कामाला येतो आणि तिसऱ्यातून पहिला वजा केला की अपेक्षित भंगार मिळते. कडेच्या पट्टीतून एखादी छोटी ब्रॅकेट निघत असेल, तर तिच्यासाठी पत्र्याची मागणी शून्य धरण्याचा मोह होतो. कटिंग लेआउटमध्ये ती ब्रॅकेट पक्की आखलेली असल्याखेरीज मी तसे करत नाही, कारण कामाच्या घाईत पट्टी बाजूला काढून ठेवायला कोणी थांबत नाही. लेआउटला वेळ नाही म्हणून तयार वजनात सरसकट दहा टक्के मिळवण्याचा तोडगा मी अनेक ठिकाणी पाहिला आहे. तो मला मान्य नाही. येथे तफावत एकवीस टक्के होती, दुसऱ्या दाराला ती चार टक्केही असू शकेल. आणि ती शोधायला एका भागामागे दहा मिनिटेही लागत नाहीत.

दुसरी चूक साठा चुकीच्या पायरीवर वजा करण्याची. बीओएम म्हणजे सपाट यादी नव्हे. वर पेटी, तिच्याखाली तयार दार, दाराखाली पत्रा, अशा तिच्या पायऱ्या असतात आणि प्रत्येक पायरीवर आधी साठा वजा करून मगच खाली उतरायचे असते. समजा, पुढच्या महिन्याचा आराखडा ६०० पेट्यांचा आहे. तयार पेट्या ४० पडून आहेत, म्हणून बनवायच्या ५६०. त्यांना ५६० दारे लागतील. शिवाय एका ग्राहकाने ३० सुटी दारे मागवली आहेत, ती या पायरीवर मिळवायची, म्हणजे ५९०. पावडर कोटिंग होऊन तयार असलेली दारे ९० आहेत, तेव्हा नवी बनवायची ५००. सहाने भागल्यावर ८३.३३ येते, म्हणून ८४ शीट. गोदामात २० शीट मोकळ्या आहेत आणि १० ची ऑर्डर गेलेली असून त्या वेळेत पोहोचणार आहेत. खरेदी ५४ शीटची.

घाईत काम करणारा नियोजक ६०० ला सहाने भागून १०० काढतो, त्यातून रॅकवरच्या २० वजा करतो आणि ८० मागवतो. २६ शीट, म्हणजे एक टनाहून थोडा अधिक पत्रा, विनाकारण येऊन पडतो आणि पावसाळ्यात त्याला गंज धरतो. त्या हिशेबात सुटी दारेही निसटलेली असतात, पण तयार पेट्या व दारे न धरल्यामुळे आकडा इतका फुगलेला असतो की ती उणीव झाकली जाते. ज्या महिन्यात तयार साठा शून्य असतो, त्या महिन्यात ती अचानक वर येते आणि कोणालाच कारण सापडत नाही.

याच चुकीचे आणखी एक रूप एक्सेलमध्ये दिसते. तीच शीट दुसऱ्या मापाच्या पेटीलाही लागत असते, दोन्ही पेट्यांचे हिशेब वेगळ्या पानांवर असतात आणि गोदामातल्या त्याच २० शीट दोन्ही पानांवर वजा होतात. एखादी वस्तू जेथे जेथे लागते, त्या सर्व ठिकाणची गरज एकत्र झाल्यावरच तिचा साठा एकदा वजा करायचा. ईआरपी प्रणाली प्रत्येक वस्तूची सर्वांत खालची पायरी नोंदवून ठेवते, ती यासाठीच. एक्सेलमध्ये मी कच्च्या मालाचे एक स्वतंत्र पान ठेवतो आणि साठ्याचा रकाना फक्त तेथेच असू देतो. ‘मोकळ्या’ शीट म्हणजे दुसऱ्या जॉबसाठी न राखलेल्या, हेही त्या पानावर लिहिलेले असावे. रॅकवर दिसते ते सर्व आपले नसते.

नामंजूर होणाऱ्या नगांचा हिशेब भागाकाराने करावा. वीस टक्के नग बाद होत असतील आणि ५०० चांगले हवे असतील, तर ५०० भागिले ०.८, म्हणजे ६२५ घ्यावे लागतात. वीस टक्के मिळवून ६०० घेतले तर हाती ४८० च येतात. कोटिंगमध्ये नापास झालेले दार रंग काढून पुन्हा रंगवता येते, म्हणून त्यासाठी पावडर वाढवावी, पत्रा वाढवू नये.

एककांची गफलत एका वाक्यात संपते: खरेदी किलोत, इशू शीटमध्ये आणि बीओएम चौरस मीटरमध्ये असेल, तर रूपांतराचा आकडा वस्तूच्या मास्टर नोंदीत एकदाच लिहावा, कोणाच्या डोक्यात ठेवू नये.

लीड टाइम, म्हणजे ऑर्डर दिल्यापासून माल हाती येईपर्यंतचा काळ, मागे मोजावा लागतो, हे सर्वांना माहीत असते. तरी महिन्याची संपूर्ण गरज महिन्याच्या एकाच रकान्यात टाकली जाते. पहिल्या आठवड्यात निघायच्या पेट्यांचा पत्रा मागच्या महिन्यातच ऑर्डर व्हायला हवा होता, हे त्या रकान्यात दिसत नाही. मी आठवड्याखालच्या खोलात जात नाही, पण महिन्यावर कधीच थांबत नाही.

शेवटची बाब ड्रॉइंग बदलण्याची. दाराचे रबरी गॅस्केट बदलले की लोक बीओएममधले जुने नाव पुसून नवे लिहितात. त्या क्षणी गोदामातले जुने गॅस्केट हिशेबातून नाहीसे होते आणि अर्धवट तयार दारांनाही नव्या गॅस्केटची मागणी निघते. जुनी ओळ पुसू नये. तिला शेवटची तारीख द्यावी आणि नव्या ओळीला सुरुवातीची. ही तारीख डिझाइन विभागाने ठरवू नये. जुना साठा किती दारांना पुरेल हे स्टोअरकडून घ्यावे, आराखड्यानुसार तेवढी दारे कोणत्या दिवशी पूर्ण होतात ते पाहावे आणि तोच दिवस दोन्ही ओळींवर लिहावा.