अपडेटेड रिटर्न भरताना या चुका टाळा: परताव्याची आशा आणि 31 मार्चची तारीख

जळगावात कर सल्लागाराचे काम करताना मार्च महिना जवळ आला की एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकायला मिळतो: "भाऊ, डिसेंबर निघून गेला, आता आयटीआर-यू टाकून देऊ ना?" विचारणाऱ्याला वाटते की आयटीआर-यू, म्हणजे अपडेटेड रिटर्नचा फॉर्म, हे मुदत संपलेल्या रिटर्नसाठी उघडलेले मागचे दार आहे. आयकर कायद्याच्या कलम 139(8ए) ने 2022 पासून ही सोय दिली आहे हे खरे, परंतु ती सरकारला जास्तीचा कर देण्याची सोय आहे, परत मागण्याची नाही. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या गोंधळाचे मूळ एवढ्यातच असते.

पहिली आणि सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे परताव्यासाठी अपडेटेड रिटर्न भरायला बसणे. चोपडा तालुक्यातील एका केळी उत्पादकाची गोष्ट सांगतो. जमिनीचा तुकडा विकून आलेली रक्कम त्यांनी बँकेत मुदत ठेवीत ठेवली. 2023-24 या आर्थिक वर्षात त्यावर 1,80,000 रुपये व्याज जमा झाले आणि बँकेने 10 टक्क्यांप्रमाणे 18,000 रुपये टीडीएस कापला. शेतीचे उत्पन्न करमुक्त, व्याजाशिवाय दुसरे करपात्र उत्पन्न नाही, म्हणजे सगळेच 18,000 परत मिळण्यासारखे होते. मूळ मुदत 31 जुलै 2024 रोजी गेली, उशिराच्या रिटर्नची वाढवून मिळालेली 15 जानेवारी 2025 ही मुदतही गेली, आणि मग ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या एका दुकानदाराने त्यांना सांगितले की आयटीआर-यू भरा, परतावा येईल.

हे होऊ शकत नाही. अपडेटेड रिटर्नमुळे परतावा निर्माण होत असेल, आधीचा परतावा वाढत असेल किंवा एकूण करदायित्व घटत असेल, तर कायदा ते रिटर्न भरूच देत नाही. दुकानदाराने मग भलताच उपाय काढला. व्याजाबरोबर काल्पनिक कमिशनचे उत्पन्न दाखवू, म्हणजे थोडा कर निघेल आणि फॉर्म स्वीकारला जाईल, असे त्याचे म्हणणे होते. न कमावलेले उत्पन्न स्वतःच्या सहीने जाहीर करायचे, त्यावर कर भरायचा आणि 18,000 ही गमवायचे, हा सल्ला देणाऱ्याला काय म्हणावे ते मी इथे लिहीत नाही. सुदैवाने ते गृहस्थ फॉर्म भरण्यापूर्वी माझ्याकडे आले.

अशा प्रसंगी खरा मार्ग कलम 119(2)(बी) चा आहे, म्हणजे विलंब माफ करून परताव्याचे रिटर्न भरू द्यावे असा अर्ज. आयकर विभागाच्या पोर्टलवर त्यासाठी Condonation Request ही सोय आहे. प्रत्यक्ष कर मंडळाच्या ऑक्टोबर 2024 च्या परिपत्रकानुसार संबंधित कर निर्धारण वर्ष, म्हणजे उत्पन्नाच्या वर्षानंतरचे वर्ष, संपल्यापासून 5 वर्षांच्या आत हा अर्ज करता येतो, म्हणजे 2023-24 च्या व्याजासाठी 31 मार्च 2030 पर्यंत. रक्कम 1 कोटीपर्यंत असेल तर निर्णय प्रधान आयुक्तांच्या पातळीवर होतो. मात्र उशीर का झाला याचे खरे आणि कागदाने दाखवता येणारे कारण लागते, आणि उशिरा मागितलेल्या परताव्यावर व्याज मिळत नाही. "वेळ मिळाला नाही" हे कारण मी कोणाच्याही अर्जात लिहीत नाही. आजारपण असेल तर दवाखान्याची कागदपत्रे आधी मागतो आणि मगच मजकूर तयार करतो.

दुसरी चूक तारखेची आहे, आणि ती सरळ खिशाला लागते. अपडेटेड रिटर्न आता कर निर्धारण वर्ष संपल्यापासून 48 महिन्यांपर्यंत भरता येते. मुदत 24 महिन्यांवरून 48 झाल्याचे 2025 मध्ये कळले तेव्हा अनेकांनी सुटकेचा निःश्वास सोडला, पण वाढत्या अतिरिक्त कराचे कोष्टक पाहिले नाही. पहिल्या 12 महिन्यांत 25 टक्के, त्यानंतरच्या वर्षात 50, तिसऱ्यात 60 आणि चौथ्यात 70 टक्के. ही टक्केवारी उत्पन्नावर लागत नाही. ती थकलेला कर आणि त्यावरील व्याज यांच्या बेरजेवर लागते. ज्याने मूळ रिटर्न भरले होते आणि एखादे उत्पन्न राहून गेले, त्याला ती फक्त वाढलेल्या करावर आणि त्याच्या व्याजावर लागते.

जळगावच्या एमआयडीसीत काम करणाऱ्या एका पगारदाराचा हिशेब पाहा. 2023-24 मध्ये त्याने नोकरी बदलली, नव्या कंपनीला जुना पगार सांगितला नाही, त्यामुळे दोन्हीकडे टीडीएस कमी कापला गेला, आणि रिटर्न मुळीच भरले नाही. प्रमाणित वजावटीनंतर करपात्र उत्पन्न 9,60,000 रुपये. नव्या करपद्धतीने कर 54,000 आणि 4 टक्के उपकर धरून 56,160. टीडीएस 26,160 वजा जाता 30,000 बाकी. मार्च 2026 मध्ये भरायचे ठरले तर उशिराच्या रिटर्नचे 20 महिन्यांचे व्याज 6,000, अग्रिम कर न भरल्याचे 24 महिन्यांचे 7,200 आणि हप्ते चुकल्याचे 1,515. कर आणि व्याज मिळून 44,715. त्याचे 25 टक्के 11,179. शिवाय विलंब शुल्क 5,000, ज्यावर अतिरिक्त कर लागत नाही. एकूण 60,894 रुपये.

तोच मनुष्य 1 एप्रिलला आला असता तर व्याज एका महिन्याने वाढून कर आणि व्याज 45,315 झाले असते आणि त्यावर 50 टक्के, म्हणजे 22,658. एकूण 72,973. एका दिवसासाठी 12,079 रुपये जास्त. म्हणून मी फेब्रुवारी संपण्यापूर्वी कागद मागतो, आणि 28 मार्चला पिशवी घेऊन येणाऱ्यांना स्पष्ट सांगतो की काम घेईन, पण घाईची जबाबदारी त्यांची.

हाच पगारदार एलआयसीच्या आणि गृहकर्जाच्या पावत्यांची जाड फाइल घेऊन आला होता. 2023-24 पासून नवी करपद्धत आपोआप लागू आहे आणि व्यवसाय नसलेल्याला जुनी पद्धत निवडायची तर ती मूळ मुदतीतल्या रिटर्नमध्येच निवडावी लागते. मुदत गेली की 80सी वगैरे वजावटी गेल्या. फाइल तशीच परत न्यावी लागली, आणि हे आधी कोणी सांगितले नाही म्हणून तो अर्धा तास माझ्यावरच चिडला.

एका वर्षासाठी अपडेटेड रिटर्न एकदाच भरता येते आणि नंतर सुधारता येत नाही. म्हणून एआयएसची, म्हणजे आयकर विभागाकडे नोंदलेल्या आपल्या व्यवहारांच्या वार्षिक विवरणाची, छापील प्रत काढून प्रत्येक पासबुकाशी पेन्सिलने खुणा करत जुळवल्याशिवाय मी पुढे जात नाही. विसरलेले खाते बहुधा तिथेच सापडते. चलान भरताना कर निर्धारण वर्ष तपासा, कारण 2023-24 च्या उत्पन्नाचे कर निर्धारण वर्ष 2024-25 असते. कर आधी भरावा लागतो, रिटर्न नंतर.

आता दार कुठे बंद असते ते. त्या वर्षासाठी कर निर्धारणाची कारवाई चालू असेल किंवा पूर्ण झाली असेल, छापा पडला असेल, व्यवसायाच्या जागी सर्वेक्षण झाले असेल किंवा खटला दाखल झाला असेल, तर हे रिटर्न चालत नाही. नव्याने तोटा दाखवण्यासाठीही ते वापरता येत नाही. पोर्टलवरील नोटिसांचा भाग न पाहता थेट फॉर्म उघडणारे बरेच जण आहेत. मी मात्र सुरुवात तिथूनच करतो.

आणि भरल्यावर ई-व्हेरिफिकेशन 30 दिवसांत करा. त्यानंतर केले तर ज्या दिवशी केले तीच रिटर्न भरल्याची तारीख धरली जाते, आणि 31 मार्चला भरलेले रिटर्न मे महिन्यात व्हेरिफाय केले की ते 50 टक्क्यांच्या गटात जाते.