मंथलीचं पासबुक वाचायला बसताना

पासबुकं दोन घ्या. पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेचं, ज्याला आपल्याकडे नुसतं ‘मंथली’ म्हणतात, ते एक. आणि ज्या बचत खात्यात तिचं व्याज येऊन पडतं, त्याचं दुसरं. मंथलीत पैसे एकदा ठेवले की पाच वर्षं ते जागचे हलत नाहीत, सगळी ये-जा बचत खात्यात होते. नुसतं मंथलीचं पासबुक घेऊन काउंटरवर गेलेला माणूस हमखास म्हणतो, “व्याजाची नोंदच नाही.” नोंद असते, पण दुसऱ्या पुस्तकात.

बसण्याआधी बचत खात्याचं पासबुक अद्ययावत छापून आणा. तालुक्याच्या किंवा उपकार्यालयाच्या पोस्टात हे जागेवर होतं. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या आतल्या गावांसारखं जिथे फक्त शाखा पोस्ट आहे, तिथे पासबुक वरच्या कार्यालयात पाठवावं लागू शकतं. तसं असेल तर पासबुक दिल्याची पावती हातात घेतल्याशिवाय निघू नका, आणि देण्याआधी पहिल्या पानाचा फोटो काढून ठेवा. सोबत एक जुनी दिनदर्शिका, पेन्सिल आणि फोनमधला कॅल्क्युलेटर पुरे. सीमाभागात आणखी एक तयारी लागते ती शब्दांची. पासबुकावर बहुतेक छपाई इंग्रजीत, काउंटरवरचं बोलणं कानडीत. व्याजाला ‘बड्डी’ आणि बचत खात्याला ‘उळिताय खाते’ एवढे दोन शब्द कानावर असले तरी समोरचा काय विचारतोय ते कळतं.

आता मंथलीचं पहिलं पान उघडा. त्यावरच्या चार गोष्टी वहीत उतरवून घ्या: खातं उघडल्याची तारीख, ठेवीची रक्कम, व्याजदर आणि मुदत संपण्याची तारीख. यातली उघडल्याची तारीख सर्वांत महत्त्वाची, कारण व्याज महिन्याच्या 1 तारखेला किंवा पगारासारखं महिनाअखेरीस येत नाही. खातं उघडल्यापासून एक महिना पूर्ण झाला की पहिलं व्याज देय होतं, पुढे दर महिन्याला त्याच तारखेला. 17 जुलैला उघडलेल्या खात्याचं पहिलं व्याज 17 ऑगस्टचं. ठेव चेकनं भरली असेल तर फॉर्म दिला तो दिवस धरू नका; चेक वटला तो दिवस खात्याची तारीख ठरतो. “आम्ही 12 तारखेला भरले, व्याज 17 ला का?” या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडतं.

दराचंही असंच आहे. उघडताना जो दर होता तोच पाचही वर्षं चालतो, नंतर सरकारनं वाढवला किंवा कमी केला तरी जुन्या खात्याला फरक पडत नाही. जानेवारी ते मार्च 2023 मध्ये उघडलेल्या खात्यांना 7.1 टक्के, तर 1 एप्रिल 2023 पासून 7.4 टक्के. त्यामुळे शेजाऱ्याच्या व्याजाशी आपलं व्याज ताडून पाहण्यात अर्थ नाही, त्याची उघडल्याची तारीख आधी विचारा.

हिशेब सोपा आहे. रक्कम गुणिले दर, भागिले 1,200. समजा, एका घरात दोन मंथल्या आहेत. पहिली पत्नीच्या एकटीच्या नावावर, 6 फेब्रुवारी 2023 ला उघडलेली, 3,00,000 रुपयांची, दर 7.1. तिचं महिन्याचं व्याज 1,775 रुपये. दुसरी नवरा-बायकोची संयुक्त, 17 जुलै 2023 ची, 6,00,000 रुपयांची, दर 7.4, तिचं व्याज 3,700. दोन्हींचं व्याज पत्नीच्या एकाच बचत खात्याला जोडलेलं. म्हणजे त्या पासबुकात दर महिन्याला 6 तारखेच्या आसपास 1,775 आणि 17 च्या आसपास 3,700 अशा दोन ओळी दिसायला हव्यात. नोंदीपुढे कोणता इंग्रजी संक्षेप छापलाय याच्या मागे फारसं लागू नका. तारीख आणि रक्कम जुळली की ओळख पटली. मर्यादेचंही इथेच पाहून घ्या. एकट्याच्या नावावर 9 लाख आणि संयुक्त खात्यात 15 लाख ही सध्याची कमाल. संयुक्त खात्यातला प्रत्येकाचा वाटा समान धरतात, म्हणून या घरात पत्नीच्या नावावर तीन आणि तीन मिळून सहा लाख होतात. मर्यादेपेक्षा जास्त भरलं गेलं तर वरची रक्कम परत मिळते आणि तिच्यावर बचत खात्याच्या दरानंच व्याज मिळतं.

आता पेन्सिलीनं खूण करत महिन्यामागून महिना उतरा. दिनदर्शिकेच्या पानावर 6 आणि 17 ला गोल करायचा, पासबुकात ओळ सापडली की त्यावर बरोबरची खूण. एखाद-दुसऱ्या दिवसाच्या फरकावर अडून बसू नका. अख्खा महिना सुटलाय का, ते पाहा. आर्थिक वर्षाची बेरीजही याच बैठकीत करून टाका: 1,775 गुणिले 12 म्हणजे 21,300 आणि 3,700 गुणिले 12 म्हणजे 44,400. एप्रिल ते मार्चच्या खुणा मोजून बेरीज याच्याशी जुळली पाहिजे. मंथलीचं व्याज करपात्र आहे आणि ठेवीवर 80सी ची सवलत नाही, म्हणून हा आकडा विवरणपत्र भरताना लागतोच. याच बचत खात्यात 31 मार्चची एक वेगळी व्याजाची ओळ असते. ते बचत खात्याचं स्वतःचं वर्षाचं व्याज, मंथलीच्या बेरजेत ते मिसळू नका. आणि कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे 2,000 या पुस्तकात दिसले नाहीत तर घाबरू नका. ते आधारला जोडलेल्या खात्यात जातात, आणि ते खातं अनेकींच्या बाबतीत पोस्ट पेमेंट्स बँकेचं निघतं. नाव सारखं वाटलं तरी ते पोस्टाच्या बचत खात्याहून वेगळं खातं आहे. बाहेरून पैसे मागवताना पोस्टाच्या बचत खात्याचा आयएफएससी IPOS0000DOP आणि पेमेंट्स बँकेचा IPOS0000001. इथेही गल्लत होते.

जमा झालेलं व्याज बचत खात्यात पडून राहिलं तर त्यावर 4 टक्के मिळतात, पण मोजायची रीत वेगळी आहे. महिन्याच्या 10 तारखेच्या अखेरीपासून महिनाअखेरपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असेल, तिच्यावरच त्या महिन्याचं व्याज धरतात. म्हणून 6 तारखेचे 1,775 काढले नाहीत तर त्याच महिन्यात मोजले जातात, आणि 17 तारखेचे 3,700 पुढच्या महिन्यापासून. रक्कम पाहता फरक महिन्याला एका चहाचा आहे, पण नवी मंथली उघडायचीच असेल तर 10 च्या आत उघडायला काय हरकत आहे? खात्यात निदान 500 रुपये राहू द्या. आर्थिक वर्षाअखेर त्याखाली गेलं तर 50 रुपये कापले जातात, आणि शिल्लक शून्यावर आली तर खातंच बंद होतं. ते बंद झालं की मंथलीच्या व्याजाला उतरायला जागा उरत नाही.

मंथलीच्या व्याजातून आवर्ती ठेव, म्हणजे आरडी, परस्पर भरायची सोय पुष्कळ जण करतात. तिथे तारखांचा मेळ चुकतो. आरडी 15 तारखेपर्यंत उघडलेली असेल तर हप्ता दर महिन्याच्या 15 पर्यंत भरावा लागतो. 16 नंतर उघडलेली असेल तर महिन्याच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवसापर्यंत. व्याज 17 ला येणार आणि आरडी 10 तारखेची, तर हप्त्याच्या वेळी खात्यात पैसे नसतात आणि 100 रुपयांमागे 1 रुपया दंड बसतो. त्या 3,700 मधून 3,500 ची आरडी काढायची तर ती 18 किंवा 20 तारखेला उघडा.

खुणा करताना एखादा महिना खरंच रिकामा निघाला, किंवा एकही ओळ नसेल, तर जोडणीच झालेली नाही, असा पहिला संशय घ्या. 1 एप्रिल 2022 पासून मंथलीचं व्याज काउंटरवर रोख मिळत नाही. ते पोस्टाच्या बचत खात्यात किंवा बँक खात्यातच जमा होतं. जोडणी नसेल तर ते पोस्टाच्या एका किरकोळ खात्यात पडून राहतं आणि त्यावर दमडीचंही व्याज मिळत नाही. वरच्या 3,700 च्या खात्याचे सात महिने असे अडकले तर 25,900 रुपये नुसते पडून. जोडणीसाठी एसबी-83 हा फॉर्म भरावा लागतो: मंथलीचा खाते क्रमांक, बचत खात्याचा क्रमांक, खातेदाराची सही. जोडायचं खातं खातेदाराच्याच नावाचं हवं, मुलाचं किंवा सुनेचं चालत नाही. संयुक्त मंथली असेल तर दोघांनी मिळून गेलेलं बरं, सहीसाठी दुसरी फेरी होत नाही. व्याज बँकेत हवं असेल तर ईसीएसचा फॉर्म आणि रद्द केलेला चेक किंवा बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत द्यावी लागते. मागचं साठलेलं व्याजही जमा करावं, हे अर्जात वेगळ्या वाक्यात लिहा, महिन्यांची नावं आणि एकूण रक्कम टाकून. दुसरा संशय आधार आणि पॅनचा. ते न दिलेली खाती 2023 च्या नियमांनुसार थांबवली जातात, तेव्हा दोन्हींच्या प्रती सोबत न्या.

शेवटी मुदतीची तारीख. वरच्या दोन खात्यांपैकी पहिलं 6 फेब्रुवारी 2028 ला संपतं, दुसरं 17 जुलै 2028 ला, आणि प्रत्येकाचे व्याजाचे हप्ते 60. मध्येच मोडायची वेळ आली तर पहिल्या वर्षात मोडताच येत नाही. एक ते तीन वर्षांत मोडलं तर मुद्दलातून 2 टक्के कापतात, तीन वर्षांनंतर 1 टक्का. सहा लाखांवर ते 12,000 आणि 6,000 होतात, म्हणून तिसरं वर्ष पुरं व्हायला चार दिवस उरले असतील तर चार दिवस थांबा. मुदत संपल्यावर मात्र थांबू नका. मुद्दल आपोआप बचत खात्यात येत नाही, आणि 7.4 चा दरही त्या दिवशी संपतो. खातं बंद करण्याचा फॉर्म, मंथलीचं पासबुक आणि मुद्दल ज्यात हवं त्या बचत खात्याचा क्रमांक घेऊन त्याच आठवड्यात जा. मुदतीनंतर तीन वर्षं बंद न केलेली खाती गोठवतात, आणि मग कागदपत्रं पुन्हा पहिल्यापासून द्यावी लागतात.