व्हिडिओतली जांभई आपल्याला कशी लागते? घरच्या घरी तपासून पाहा

खोलीत शिळी हवा साचली, ऑक्सिजन कमी पडला, म्हणून सगळ्यांना एकदम जांभया आल्या, असं आपल्याकडे सर्रास सांगतात. तसं असतं तर मोबाईलवर कुणाची जांभई पाहून आपल्याला ती यायला नको होती. त्याची आणि आपली हवा एक नाही. अमेरिकेतले संशोधक रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी 1987 मध्ये लोकांना शुद्ध ऑक्सिजन आणि जास्त कार्बन डायऑक्साइड असलेली हवा देऊन पाहिली. जांभयांच्या संख्येत फरक पडला नाही. म्हणजे चाळवणारी गोष्ट हवेत नाही, दिसण्यात आहे. पण चेहऱ्याचं नेमकं काय दिसल्यावर? हे घरी पाहता येतं.

आधी दोन व्हिडिओ करा. घरात कुणाला खरी जांभई आली की मोबाईलवर टिपा. मुद्दाम काढलेली चालणार नाही; तोंड वासलं जातं, पण डोळे कोरडेच राहतात. खरी जांभई साधारण सहा सेकंदांची असते आणि तिच्या शिखरावर डोळे आपोआप मिटतात. तो तुकडा दर दहा सेकंदांनी येईल असा जोडून पाच मिनिटांचा व्हिडिओ करा, म्हणजे तीस जांभया होतील. त्याच माणसाच्या हसण्याचा दुसरा व्हिडिओ तसाच करा. हा दुसरा टाळू नका. पाच मिनिटं नुसतं बसूनही जांभई येतेच. ती वजा कशी करणार?

मग एकेकाला एकटं बसवा. इथेच बहुतेकांचा प्रयोग फसतो. मी आजीला व्हिडिओ लावून दिला आणि वही घेऊन समोर बसलो; पाच मिनिटांत एकही जांभई नाही. स्वयंपाकघरात गेलो, तर आतून चुटकी ऐकू आली. आपल्याकडे कुणी पाहतंय हे कळलं की जांभई दबते. म्हणून ज्याची त्याने कागदावर रेघ ओढावी. मोजायला सांगितल्याने जांभई आठवते आणि थोडी वाढते, हे खरं. पण ती वाढ दोन्ही व्हिडिओंना सारखीच लागू होते, आणि आपल्याला हवा आहे तो दोन्हींतला फरक. झोपायच्या वेळी मात्र हे करू नका.

प्रोव्हाइन यांच्या 1986 च्या प्रयोगात जांभयांचा असाच पाच मिनिटांचा व्हिडिओ पाहणाऱ्यांपैकी 55 टक्क्यांना जांभई आली, हसू पाहणाऱ्यांपैकी 21 टक्क्यांना. प्रत्येक व्हिडिओ वीस-वीस जणांना दाखवलात, तर एकीकडे अकरा आणि दुसरीकडे चार, असं काहीसं व्हायला हवं. घरातल्या पाच माणसांत आकडा कसाही उलटेल, त्यावरून निष्कर्ष काढू नका.

आता तोंड झाका. स्क्रीनवर चेहऱ्याच्या तोंडापाशी कागदाची पट्टी चिकटवा आणि तोच व्हिडिओ दुसऱ्या दिवशी दाखवा. तोंड दिसलं नाही तर जांभई कसली लागणार, असं वाटतं. प्रत्यक्षात ती लागते. प्रोव्हाइन यांना हेच आढळलं. उलट चेहरा झाकून नुसतं उघडं तोंड दाखवलं, तर त्याचा परिणाम हसण्याच्या व्हिडिओपेक्षा जास्त नव्हता. मिटणारे डोळे, ताणलेले गाल, हा सगळा आकार मेंदू ओळखतो. नुसतं वासलेलं तोंड गाणाऱ्याचंही असतं, ओरडणाऱ्याचंही. चेहरा आडवा किंवा उलटा दाखवला तरी खूण पटते. म्हणूनच समोर हाडामांसाचा माणूस लागत नाही, छोट्या स्क्रीनवरचं चित्र पुरतं. आणि तोंडावर हात धरून दिलेली सभ्य जांभई शेजाऱ्याला वाचवत नाही, ती याच कारणाने.

ओळख पटली की पुढचं आपल्या हातात राहत नाही. जांभई सुरू झाल्यावर अर्ध्यावर थांबवून पाहा; ओठ घट्ट मिटले तरी आतून जबडा ताणला जातोच. नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या 2017 च्या अभ्यासात ‘जांभई दाबा’ असं सांगितल्यावर लोकांची ऊर्मी उलट वाढली.

कुणाला आलीच नाही तर? चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलांना व्हिडिओतली जांभई सहसा लागत नाही, त्यांना यात धरू नका. मोठ्यांतही अशी माणसं पुष्कळ असतात. ‘ज्याला जांभई लागत नाही तो कोरड्या मनाचा’ असं ऐकू येतं, पण ड्यूक विद्यापीठाने 2014 मध्ये 328 जणांना तीन मिनिटांचा व्हिडिओ दाखवला, तेव्हा 222 जणांना जांभई आली आणि सहानुभूतीशी तिचा ठळक संबंध दिसला नाही. तेव्हा घरातल्या मावशींवर शेरे मारू नका.

शेवटी कपाळावर गार पट्टी ठेवून पाहा. 2007 मध्ये अँड्र्यू आणि गॉर्डन गॅलप यांनी कपाळावर थंड पॅक धरायला लावला, तेव्हा व्हिडिओ पाहून फक्त 9 टक्क्यांना जांभई आली. कोमट पॅकवाल्यांत 41 टक्क्यांना. नुसतं नाकाने श्वास घेणाऱ्यांना तर आलीच नाही. जांभई मेंदू थंड ठेवते, असं त्यांचं म्हणणं. ते सगळ्यांना मान्य नाही, पण मीटिंगमध्ये शेजारच्याने जबडा उघडला की तोंड मिटून नाकाने सावकाश श्वास घ्यायला काही खर्च येत नाही.