गटाच्या कर्जाचं पासबुक तपासताना बाकीचा रकाना कसा वाचावा

“किती हप्ते राहिले ते मोजा, हप्त्याच्या रकमेने गुणा, झाली तुमची बाकी.” सातपूर-अंबडच्या वस्त्यांपासून दिंडोरी-निफाडच्या मळ्यांपर्यंत हा सल्ला ऐकू येतो आणि तो साफ चुकीचा आहे. कर्ज मुदतीआधी फेडायचं ठरवलं की याच हिशोबाने बायका हजारो रुपये जास्त मोजून येतात. म्हणून पासबुक तपासायचं ते नुसत्या सह्या मोजून नव्हे.

इथे मी बोलतेय ते मायक्रोफायनान्स कंपनीच्या किंवा बँकेच्या गटकर्जाबद्दल, ज्यात केंद्राच्या मीटिंगला हप्ता घ्यायला सर येतात. माविम किंवा उमेदच्या बचत गटातलं अंतर्गत कर्ज वेगळं, त्याचा हिशोब गटाच्या वहीत असतो.

पासबुक, कर्ज मिळालं तेव्हाचं माहितीपत्रक, बँकेचं पासबुक आणि मोबाइलवरचे मेसेज सोबत घेऊन बसा.

हप्त्यांच्या नोंदी

प्रत्येक भरण्यापुढे तारीख, रक्कम आणि घेणाऱ्याची सही हवी. मेसेज आला म्हणून सही सोडू नका आणि सही आहे म्हणून मेसेजकडे दुर्लक्ष करू नका, दोन्ही जुळायला हवेत. गैरहजर बाईचा हप्ता बाकीच्यांनी वर्गणी काढून भरला असेल तर ती नोंद तिच्याच पासबुकात व्हायला हवी. कोणी किती दिले हे गटाने स्वतःच्या वहीत लिहून ठेवावं, कारण कंपनीच्या कागदावर ते कुठेच दिसत नाही.

विम्याची कपात

आता एक उदाहरण धरून चालू. कर्ज 40,000 रुपये, व्याज वर्षाला 24 टक्के घटत्या बाकीवर, 24 महिने, हप्ता 2,115. प्रक्रिया शुल्क एक टक्का म्हणजे 400 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी 72. विमा बाई आणि नवरा दोघांचा मिळून 1,000 धरू. मग खात्यात 38,528 जमा व्हायला हवेत. बँकेच्या पासबुकात याहून कमी दिसत असतील तर फरक कशाचा, ते त्याच आठवड्यात विचारा.

विमा कर्ज देतानाच एकदा कापतात. त्यामुळे नंतरच्या हप्त्यांत “विमा” म्हणून वेगळी रक्कम दिसली तर ती दुसऱ्याच कसल्या तरी योजनेची असते, बऱ्याचदा दवाखान्याच्या खर्चाची. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमांप्रमाणे कर्जाबरोबरची अशी दुसरी कुठलीही योजना तुमच्या पूर्ण संमतीनेच देता येते आणि तिचं शुल्क कर्ज कार्डावर लिहिलेलं असावं लागतं. तुम्ही हो म्हटलं नसेल तर तसं लेखी द्या.

विम्याचं प्रमाणपत्र मागून घ्याच. त्यावर नाव, वय, वारसाचं नाव आणि संरक्षण संपण्याची तारीख बघा. 24 महिन्यांच्या कर्जाला 12 महिन्यांचा विमा असेल तर दुसऱ्या वर्षी नवरा गेला तरी कर्ज तसंच डोक्यावर राहतं.

बाकीचा रकाना

खरी गोम इथे आहे. हा रकाना उलगडायला मलाही बराच वेळ लागला, कारण तो सगळ्या पासबुकांत एकसारखा नसतो. काही जण तिथे फक्त मुद्दलाची बाकी छापतात, तर काही मुद्दल आणि पुढचं सगळं व्याज मिळून येणारी रक्कम. वर मथळा दोन्हीकडे “शिल्लक रक्कम” असाच असू शकतो.

ओळखायची सोपी रीत आहे. लागोपाठच्या दोन ओळींमधली बाकी एकमेकींतून वजा करा. दर वेळी बरोबर 2,115 ने कमी होत असेल तर त्या रकान्यात पुढचं व्याजही धरलेलं आहे. हप्त्यापेक्षा कमी रकमेने घटत असेल आणि ती घट दर महिन्याला थोडी थोडी वाढत असेल, तर ती मुद्दलाची बाकी.

आपल्या उदाहरणात पहिल्या महिन्याचं व्याज 40,000 वर दोन टक्के, म्हणजे 800. हप्त्यातले उरलेले 1,315 मुद्दलात गेले आणि बाकी 38,685 झाली. दुसऱ्या महिन्यात व्याज 774, मुद्दल 1,341, बाकी 37,344. असं करत सहाव्या हप्त्यानंतर मुद्दल 31,706 उरतं. आता गुणाकाराचा हिशोब करून बघा: राहिलेले 18 हप्ते गुणिले 2,115, म्हणजे 38,070. फरक 6,364 रुपयांचा. हे पुढच्या दीड वर्षाचं व्याज आहे. आज कर्ज फेडलं तर ते लागतच नाही.

म्हणून मुदतीआधी बंद करताना 31,706 आणि शेवटच्या हप्त्यापासूनच्या दिवसांचं व्याज एवढंच द्यायचं. त्या बाकीवर रोजचं व्याज साधारण 21 रुपये पडतं, दहा दिवस झाले असतील तर 208 च्या आसपास. मायक्रोफायनान्स कर्ज लवकर फेडल्याबद्दल दंड लावता येत नाही, हेही त्याच 2022 च्या नियमांत आहे. शाखेतून कोणी “सगळे हप्ते भरावेच लागतात” म्हणालं तर ते लिहून मागा. लेखी मागितलं की बहुतेक वेळा आकडा आपोआप बदलतो.

इथे दोन गोष्टींची खबरदारी घ्या. पहिली, पासबुकातलं छापील वेळापत्रक कर्ज दिलं त्याच दिवशी तयार होतं आणि सगळे हप्ते वेळेवर येतील असं धरूनच छापतात. पावसाळ्यात मजुरी तुटली आणि एक हप्ता राहिला, की छापील बाकी तुमची राहत नाही. तेव्हा शाखेतून संगणकावरचा ताजा खातेउतारा काढून घ्या. उशिराचा दंड लावला असेल तर तो फक्त थकलेल्या रकमेवर लावता येतो, सगळ्या कर्जावर नाही.

दुसरी, पैसे मिळाल्यापासून पहिल्या हप्त्यापर्यंत बरेचदा महिन्यापेक्षा जास्त दिवस जातात, म्हणून पहिलं व्याज 800 पेक्षा थोडं जास्त दिसतं. ती चूक नव्हे. ताळा करायला दुसऱ्या-तिसऱ्या हप्त्याची ओळ घ्या. हप्ता पंधरवड्याचा असेल तर बाकी गुणिले 24 भागिले 100, त्याला 365 ने भागून 14 ने गुणा. दोन-चार रुपयांचा फरक सोडून द्या, पन्नास-शंभरचा सोडू नका.

आकडे जुळले नाहीत तर

सरांशी मीटिंगमध्ये वाद घालत बसू नका, त्यांच्या हातात खातं बदलणं नसतं. कर्ज कार्डावर तक्रारीचा नंबर छापलेला असतो. तिथे तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक पासबुकाच्या मागच्या पानावर लिहा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. कशी करायची ते 14448 वर विचारता येतं. सोबत पासबुकाच्या प्रत्येक पानाचा फोटो जोडा, पासबुक मात्र कोणाकडेही देऊन ठेवू नका.

कर्ज फिटल्यावर शेवटच्या ओळीत बाकी शून्य आणि कर्ज पूर्ण फिटल्याची नोंद सहीनिशी करून घ्या, आणि पुढचं कर्ज काढायच्या आधी क्रेडिट रिपोर्टमध्येही ते खातं बंद दिसतंय का ते पाहा. प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून वर्षातून एकदा हा रिपोर्ट फुकट मिळतो.