फ्रेंच हॉर्न वाजवताना बेलमधल्या हाताच्या या चुका टाळा

हॉर्नवर वरचा सूर फुटला की बहुतेक वादक दोष ओठांना देतात. ओठांचे व्यायाम वाढवतात, माउथपीस बदलून बघतात, तरी सूर फुटायचा तो फुटतोच. उजव्या हाताकडे मात्र कोणाचं लक्ष जात नाही. तो नळीच्या रुंद तोंडात, म्हणजे बेलमध्ये असतो आणि वाजवणाऱ्याला दिसतही नाही. माझ्या मते अडचण वरच्या सुरांपुरतीच असेल, तर आधी हात तपासावा आणि मग ओठ.

हॉर्नवर नेम चुकणं इतकं सोपं का, ते आधी समजून घेऊ. एफ हॉर्नची नळी सुमारे 3.7 मीटर लांब असते. व्हॉल्व्ह न दाबता या नळीतून हवा तो स्वर निघत नाही. तिचे ठरलेले स्वर असतात, त्यांना हार्मॉनिक म्हणतात, आणि त्यांतल्या कोणत्याही लगतच्या दोघांत सुमारे 44 हर्ट्झचं अंतर असतं. खाली हे अंतर कानाला मोठं वाटतं, पण जसजसं वर जावं तसतसे स्वर एकमेकांना खेटून येतात. सुमारे 698 हर्ट्झचा एफ घ्या. ट्रम्पेटवर तो सहावा हार्मॉनिक असतो आणि त्याचे शेजारी सुमारे 116 हर्ट्झ लांब असतात. एफ हॉर्नवर तोच स्वर सोळावा असतो आणि शेजारी जेमतेम 44 हर्ट्झवर. ओठांचा ताण किंचित इकडचा तिकडे झाला की शेजारचा स्वर लागतो, किंवा दोन स्वरांच्या मधे अडकून सूर फुटतो. डबल हॉर्नमध्ये एफ आणि बी-फ्लॅट अशा दोन बाजू असतात; त्यावर अंगठ्याचा व्हॉल्व्ह वापरून बी-फ्लॅट बाजूला गेलं की नळी सुमारे 2.75 मीटरची होते आणि अंतर 58 हर्ट्झपर्यंत वाढतं. वरच्या सुरांसाठी वादक त्या बाजूला जातात ते याचसाठी.

आता हाताचं काम. सूर पक्का लागण्यासाठी नळीतली लहर बेलपाशी परतून मागे यावी लागते. खालच्या सुरांची लहर नीट परतते. वरच्या सुरांची बरीचशी रुंद तोंडातून बाहेर निसटते, त्यामुळे ओठांना आधार देणारी खाच, म्हणजे सूर जिथे अडकून स्थिर राहतो ती जागा, उथळ होते. हात आत असला की तोंड अरुंद होतं, वरची लहरही परत येते आणि खाच खोल होते. हॉर्न बनवणारे हात आत आहे असं धरूनच वाद्याचा सूर बेततात. म्हणून हात हा वाद्याचाच भाग समजा. आवाज मऊ करायला वरून घातलेला बोळा नव्हे.

हात जास्त उघडा किंवा पोकळ

बोटं एकमेकांना चिकटलेली हवीत, अंगठा तर्जनीला लागून, मधे कुठेही फट नको. पोहताना पाणी मागे लोटायला हात जसा किंचित वाकवतो, तेवढाच बाक द्या. बोटांची मागची बाजू बेलच्या तुमच्यापासून लांबच्या भिंतीला टेकवा, तळहात स्वतःकडे ठेवा. बोटं पसरलेली असली, किंवा हात तोंडाशीच ठेवला, तर हवेला सरळ वाट मिळते. मग आवाज कर्कश होतो, सूर चढतो आणि वरचे स्वर निसटतात. हात किती आत घालायचा ते हाताच्या आकारावर ठरतं. लहान हात थोडा आणखी आत जावा लागतो, मोठा हात थोडा बाहेर राहिला तरी चालतो.

तपासणी अशी करा. एफ बाजूवर, व्हॉल्व्ह न दाबता, लिहिलेल्या मधल्या सीच्या एक सप्तक वरच्या सीपासून, म्हणजे आठव्या हार्मॉनिकपासून, बाराव्यापर्यंत एका श्वासात हळूहळू वर जा. हे स्वर लिहिलेले सी, डी, ई, मग एफ आणि एफ-शार्पच्या मधला एक विचित्र स्वर, आणि जी असे येतात. एकदा हात पूर्ण बाहेर काढून वाजवा, एकदा हात नेहमीच्या जागी ठेवून. हात आत असताना प्रत्येक पायरी स्पष्ट लागली पाहिजे. दोन्ही वेळा सारखंच निसरडं वाटलं, तर हात आत असूनही काम करत नाही.

हात जास्त बंद, आणि मग स्लाइडने सारवासारव

ही चूक जास्त चिवट आहे, कारण ती लगेच कळत नाही. समजा, एका वादकाने हळुवार आवाजाच्या नादात हात थोडा थोडा मिटत नेला. सूर उतरला, म्हणून त्याने मुख्य स्लाइड आत ढकलली आणि ट्यूनरवर काटा जागेवर आला. पुढे जोरात वाजवायचा भाग आला. आवाज खुला हवा म्हणून हात नकळत उघडला आणि सूर एकदम चढला. आता स्लाइड बाहेर काढावी, तर हळुवार भाग पुन्हा उतरणार. इथे दोष स्लाइडचा नाही, हलणाऱ्या हाताचा आहे.

उपाय क्रमाने करा. आधी हात वर सांगितल्याप्रमाणे ठेवा. मग डोळे मिटून लिहिलेला मधला सी धरा आणि त्या हातावर स्लाइड लावा. त्यानंतर तोच सी हळू सुरू करून जोरात न्या, पुन्हा हळू आणा. काटा खूप भटकला, तर आरशात बघा, हात उघडतो आहे का. लांब धरलेल्या स्वरात हाताने थोडी दुरुस्ती करायला हरकत नाही, पण हाताची मूळ जागा बदलता कामा नये.

बेल पोटाला किंवा मांडीला चिकटली, तरी हात जास्त बंद केल्यासारखाच घुसमटलेला आवाज येतो. तो लगेच ओळखू येतो: बेल जरा बाजूला करा, आवाज मोकळा होतो.

पूर्ण बंद केला, पण फट राहिली

स्वरावर अधिकचं चिन्ह असेल तर हात पूर्ण बंद करायचा असतो. अठराव्या शतकाच्या मध्यात ड्रेस्डेनच्या आंतोन योझेफ हाम्पेलने हाताचं हे तंत्र घडवलं. व्हॉल्व्ह नसताना मधले स्वर या तंत्रानेच मिळत. इथे बरेच जण गोंधळतात. हात हळूहळू बंद केला तर सूर खाली सरकतो, मग पूर्ण बंद केल्यावर अर्धा स्वर वर कसा जातो?

हात बंद होताना प्रत्येक हार्मॉनिक खाली घसरतो आणि आपल्या खालच्या शेजाऱ्याच्या अर्धा स्वर वर येऊन थांबतो. लिहिलेला जी सहावा आहे, त्याच्या वरचा सातवा बी-फ्लॅटच्या जवळ. हात बंद झाला की सातवा घसरून ए-फ्लॅटवर येतो. तुमचे ओठ जीच्या आसपासच असतात, म्हणून त्यांना हा ए-फ्लॅट सापडतो. म्हणून एफ बाजूवर लिहिलेला जी बंद हाताने हवा असेल, तर अर्धा स्वर खालच्या एफ-शार्पचं बोट, म्हणजे दुसरा व्हॉल्व्ह, दाबायचा.

तळहाताचा खालचा भाग स्वतःकडच्या भिंतीवर घट्ट दाबून बंद करा. आवाज नाकातून आल्यासारखा, धातूच्या झणझणाटाचा आला पाहिजे. सूर वर जाण्याऐवजी खाली लटकला, किंवा आवाज नुसता दबका आला, तर कुठेतरी फट आहे. बहुधा ती अंगठ्याशी असते. बी-फ्लॅट बाजूवर सूर साधारण पाऊण स्वर वर जातो, त्यामुळे अर्ध्या स्वराचा हिशोब तिथे जुळत नाही. बंद हाताचे स्वर एफ बाजूवरच वाजवा.