प्रांताधिकाऱ्यांना ई-मेल पाठवताना या चुका टाळा

वडिलांच्या निधनानंतर सातबाऱ्यावर वारसांची नावे लावायची आहेत. तलाठ्याकडे अर्ज दिला, फेरफार नोंदला गेला, नोटिसा निघाल्या आणि पुढे सगळे थांबले. तहसीलमध्ये अर्ज देऊनही उत्तर नाही. आता प्रांताधिकाऱ्यांना, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांना, ई-मेल करायचा आहे. अशा वेळी पाठवला जाणारा ई-मेल बहुधा असा असतो (नावे आणि क्रमांक अर्थातच काल्पनिक):

> विषय: अन्यायाबाबत – अतितातडीचे!!
>
> सप्रेम नमस्कार,
> मा. श्री. प्रांताधिकारी साहेब महोदय,
> मी श्री. अशोक पाटील आपणास कळवू इच्छितो की तलाठी व सर्कल आम्हाला सहा महिने झाले फिरवत आहेत. तुम्ही यात लक्ष घालून योग्य ती कारवाई करावी व गरिबाला न्याय द्यावा. अन्यथा मी उपोषणाला बसेन.
> कळावे, लोभ असावा,
> आपला आज्ञाधारक
> श्री. अशोक पाटील

सोबत मोबाइलवर काढलेले कागदांचे आठ-नऊ फोटो, काही आडवे, काही उलटे. आणि प्रत मुख्यमंत्र्यांपासून आमदारांपर्यंत सगळ्यांना.

आधी मानाचे शब्द पाहू. 'मा.', 'श्री.', 'साहेब' आणि 'महोदय' एकाच ओळीत आले की आदर वाढत नाही, गोंधळ दिसतो. पत्त्यात पदनामाआधी 'मा.' आणि मजकुराच्या सुरुवातीला 'महोदय', एवढे पुरते. 'साहेब' समोर बोलताना ठीक. नाव घालायचेच तर 'श्री.' किंवा 'श्रीमती'. डॉक्टर असतील तर नुसते 'डॉ.', 'श्री. डॉ.' नव्हे. या उदाहरणात तर अधिकारी महिला आहेत, म्हणजे सगळेच चुकले. कार्यालयाच्या संकेतस्थळावर किंवा पाटीवर नाव पाहून 'महोदया' लिहावे. कळलेच नाही तर 'महोदय/महोदया' चालते. महिला अधिकाऱ्याला 'सौ.' मात्र लिहू नये, शासकीय पत्रव्यवहारात 'श्रीमती' हेच रूढ आहे.

स्वतःच्या नावाआधी 'श्री.' लावणे ही तर घरोघरची सवय. ती सोडावी. 'आपणास'ने सुरू करून पुढच्याच वाक्यात 'तुम्ही'वर येणे कानाला खटकते. एकदा 'आपण' धरले की शेवटपर्यंत 'आपण'. 'सप्रेम नमस्कार' आणि 'लोभ असावा' पाहुण्यांच्या पत्रात शोभतात. 'आज्ञाधारक' हाताखालच्या माणसाने लिहावे, नागरिकाने 'आपला विश्वासू' किंवा 'आपली विश्वासू' लिहावे.

पण खरे सांगायचे तर मानाचे शब्द चुकले म्हणून कोणाचा अर्ज अडत नाही. अर्ज अडतो तो मागणी न कळल्याने. कार्यालयात आलेला ई-मेल सहसा छापला जातो किंवा ई-ऑफिसमध्ये चढतो, त्याला आवक क्रमांक पडतो आणि विषय वाचून तो कोणत्या शाखेकडे द्यायचा ते ठरते. 'अन्यायाबाबत' या विषयावरून आवक लिपिकाने काय ठरवावे? गाव, गट क्रमांक आणि फेरफार क्रमांक विषयातच असेल तर तो कागद थेट जमिनीचे काम पाहणाऱ्या टेबलावर जातो.

दुसरी गफलत 'योग्य ती कारवाई' या शब्दांत आहे. कारवाई म्हणजे दोषी धरून केलेली शिस्तीची किंवा दंडाची पावले. काम पुढे सरकवणे म्हणजे कार्यवाही. अशोकरावांना नोंद हवी आहे, पण लिहिल्याप्रमाणे ही तलाठ्याविरुद्धची तक्रार ठरते, आणि उत्तर म्हणून तलाठ्याचा खुलासा येतो. नोंद तिथेच राहते. तक्रार करायची असेल तर ती वेगळ्या अर्जाने करावी.

मग मागायचे काय? 'आमचा फेरफार मंजूर करायला सांगा' हे सुचते, पण तेही बरोबर नाही. फेरफार प्रमाणित करणे किंवा रद्द करणे हा मंडळ अधिकाऱ्याचा, म्हणजे सर्कलचा, निर्णय असतो, आणि त्या निर्णयाविरुद्ध महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २४७ खालील अपील प्रांताधिकाऱ्यांकडेच जाते. उद्या अपील ऐकायचे आहे त्या अधिकाऱ्याने आज 'मंजूर करा' असे कसे लिहावे? 'निर्णय घ्या' असे मात्र त्या सांगू शकतात. म्हणून मागणी निर्णयाची करावी, निकालाची नव्हे. त्याला जोडून, निर्णय होत नसेल तर कारण लेखी मागावे. म्हणजे कागद कमी असो वा कुणाची हरकत असो, काहीतरी ठोस हाती येते.

हाच ई-मेल नीट लिहिला तर असा होतो:

> प्रति,
> मा. उपविभागीय अधिकारी,
> उपविभागीय कार्यालय, (ठिकाण)
>
> विषय: मौजे वडगाव, गट क्र. २१२, वारस फेरफार क्र. १४८७ वर निर्णय होण्याबाबत.
>
> संदर्भ: १) वारस नोंदीचा अर्ज, दि. ६ जानेवारी २०२५
> २) तहसील कार्यालयास दिलेला अर्ज, आवक क्र. ३५६, दि. २१ एप्रिल २०२५
>
> महोदया,
>
> माझे वडील कै. रामचंद्र पाटील यांचे दि. १८ नोव्हेंबर २०२४ रोजी निधन झाले. त्यांच्या नावावरील वरील गटास वारसांची नावे लागावीत म्हणून मी संदर्भ १ नुसार अर्ज केला. त्यावरून फेरफार क्र. १४८७ नोंदवण्यात आला. त्याची नोटीस सर्व वारसांना दि. ३ फेब्रुवारी २०२५ रोजी मिळाली. हरकतीची १५ दिवसांची मुदत संपली असून माझ्या माहितीप्रमाणे कोणीही हरकत घेतलेली नाही. तरीही नोंद मंडळ अधिकारी यांच्याकडे प्रलंबित आहे. संदर्भ २ च्या अर्जास उत्तर मिळालेले नाही.
>
> तरी या फेरफारावर नियमानुसार निर्णय घेण्याबाबत मंडळ अधिकारी यांना निर्देश द्यावेत, आणि काही त्रुटी किंवा हरकत असल्यास ती मला लेखी कळवावी, ही विनंती.
>
> आपला विश्वासू,
> अशोक रामचंद्र पाटील
> (पूर्ण पत्ता, मोबाइल क्रमांक)
>
> सोबत: संदर्भ १ व २ च्या पोचसहित प्रती, नोटिशीची प्रत, मृत्यू दाखला
> प्रत: मा. तहसीलदार, माहितीसाठी

'कोणीही हरकत घेतलेली नाही' याआधीचे 'माझ्या माहितीप्रमाणे' गाळू नका. एखाद्या भावकीतल्याने परस्पर हरकत दिलेली असू शकते, आणि मग प्रकरण तक्रारी नोंदीत जाते. तिथे सुनावणी होते. ई-मेलने ते सुटत नाही.

प्रत तहसीलदारांना पुरे. दहा जणांना प्रत गेली की प्रत्येक जण दुसरा बघेल असे धरतो. कागद एकाच पीडीएफमध्ये, संदर्भाच्या क्रमाने जोडावेत. मजकूर युनिकोडमध्येच टंकावा; जुन्या फाँटमध्ये लिहिलेला मजकूर समोरच्या संगणकावर निरर्थक अक्षरांचा ढीग होऊन उघडतो.

उपोषणाचा इशारा पहिल्याच पत्रात नको, कायद्याचे कलमही नको. सात-आठ दिवसांनी कार्यालयात फोन करून आवक क्रमांक विचारावा. तरीही हालचाल नसेल तर तोच क्रमांक संदर्भात टाकून स्मरणपत्र पाठवावे. त्यात दप्तर दिरंगाई कायद्याचा, म्हणजे २००५ च्या अधिनियमातील कलम १० चा, एका ओळीत उल्लेख करता येतो. कोणतीही नस्ती, म्हणजे फाइल, एका कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये, असे ते सांगते. स्मरणपत्रात गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगू नये. आवक क्रमांक, तारीख आणि तीच विनंती, इतक्या चार ओळींचे ते असावे.