करासहित किमतीतून कर वेगळा काढताना या चुका टाळा

सर्वात जुनी चूक आधी उरकून टाकू. किंमत १००० आहे, त्यात १८ टक्के कर धरलेला आहे, म्हणून कर १८० आणि मूळ रक्कम ८२०. चूक! ८२० वर १८ टक्के लावून बघा, बेरीज ९६७.६० येते, १००० नाही. कर मूळ रकमेवर लागलेला असतो, एकूण किमतीवर नाही. त्यामुळे भागाकार करायचा: १००० भागिले १.१८, म्हणजे मूळ रक्कम ८४७.४६ आणि कर १५२.५४.

हे बहुतेकांना एकदा सांगितलं की कळतं. खरा घोळ दर शोधताना होतो, आणि तो सहज दिसत नाही. समजा एक्सेलच्या शीटमध्ये A2 मध्ये वस्तूचा वर्ग आहे, B2 मध्ये किंमत, आणि F व G स्तंभांत दरांचा तक्ता: औषध ५%, पुस्तक ०%, यंत्र १८%. आता तक्त्यातून दर शोधणाऱ्या `VLOOKUP` चा शेवटचा, तंतोतंत जुळणी मागणारा `FALSE` लिहायचा राहिला, आणि A2 मध्ये ‘फर्निचर’ आलं. हा वर्ग तक्त्यात नाहीच. तरी एरर येत नाही. वर्णानुक्रमात त्याच्या अलीकडे असलेल्या ‘पुस्तक’चा दर उचलला जातो आणि कर शून्य दिसतो. तक्ता वर्णानुक्रमे लावलेला नसेल, तर तक्त्यात असलेल्या वर्गालाही चुकीचा दर मिळू शकतो. म्हणून सूत्रं अशी लिहा, C2 मध्ये दर, D2 मध्ये मूळ रक्कम आणि E2 मध्ये कर:

```
C2: =VLOOKUP(TRIM(A2),$F$2:$G$20,2,FALSE)
D2: =ROUND(B2/(1+C2),2)
E2: =ROUND(B2-D2,2)
```

`TRIM` कशाला? वर्गाच्या नावामागे एखादी स्पेस चिकटलेली असते, डोळ्यांना दिसत नाही, आणि दर सापडत नाही. तक्त्यातल्या नावांमागेही ती असू शकते, तीही साफ करा. मग दर न सापडल्याचा `#N/A` एरर आला की काही जण एररच्या जागी शून्य दाखवणारं `IFERROR(...,0)` लावून मोकळे होतात. माझ्या मते सगळ्यांत घातक सवय हीच. ‘करमुक्त’ आणि ‘दर सापडला नाही’ दोन्ही शून्यच दिसू लागतात. `#N/A` तसाच राहू द्या. तक्त्यात दराचा रकाना रिकामा असला तरीही शून्यच मिळतो, म्हणून करमुक्त वर्गापुढे ० स्पष्ट लिहा.

मूळ रक्कम अवाच्या सवा कमी आली, जसं की १००० चे ५२.६३, तर दर १८% ऐवजी नुसता १८ लिहिला गेलाय. भागाकार १९ ने झाला.

आता E2 मध्ये वजाबाकी का, दराने गुणाकार का नाही? किंमत १०, दर १८ टक्के घ्या. मूळ रक्कम ८.४७. तिच्यावर पुन्हा १८ टक्के काढले तर १.५२, आणि बेरीज ९.९९. एक शतांश गायब. वजाबाकी केली की कर १.५३ येतो आणि बेरीज छापील किमतीला तंतोतंत जुळते. एका बिलात वेगवेगळ्या दरांच्या वस्तू असतील, तर हे प्रत्येक ओळीवर करा. एकूण रकमेला एकच सरासरी दर लावून भागू नका.